पुस्तकसार व्हिडिओंसाठी विकत घेतलेला डिस्क्रिप्शन टेम्प्लेट: काही महिन्यांच्या वापरानंतर

पुस्तकांचे सार सांगणाऱ्या यूट्यूब व्हिडिओंसाठी मी हा टेम्प्लेट वर्गणी भरून वापरतो. साहित्यप्रकार, मुख्य मुद्दे आणि पुस्तक कोणासाठी, हे रकाने भरून सोबत संहिता दिली की डिस्क्रिप्शन, टॅग आणि व्हिडिओचे चॅप्टर तयार होतात. अर्थविषयक पुस्तकांसाठी त्याने चोख काम केले. एका रहस्यकादंबरीच्या वेळी मात्र त्याने घात केला.

त्या व्हिडिओच्या अखेरीस, आधी सूचना देऊन, मी शेवटाची चर्चा केली होती. टेम्प्लेटने संहितेतील उपशीर्षके जशीच्या तशी चॅप्टरची नावे म्हणून उचलली आणि ‘पुतण्याने खून का केला’ हे नाव व्हिडिओच्या पट्टीवर झळकले. सूचना ऐकण्याआधीच प्रेक्षकांना खुनी कळला, आणि तशी तक्रार लगेच आली. विक्रेत्याला कळवले, तर चॅप्टर असणे फायद्याचे असते एवढेच उत्तर मिळाले. माझा प्रश्न नावांचा होता, त्याला कोणी हातच लावला नाही.

नुसती ती ओळ काढून भागत नाही, कारण मग शेवटाची चर्चा आधीच्या चॅप्टरला जोडली जाते आणि कुठे थांबावे हे प्रेक्षकाला कळत नाही. सगळेच चॅप्टर काढले आणि आपोआप चॅप्टर पाडण्याचा पर्याय चालू राहिला, तर यूट्यूब स्वतःची नावे देऊ शकते. म्हणून मी आता नावे हाताने लिहितो. पहिली वेळ शून्याची, वेळेच्या किमान तीन नोंदी चढत्या क्रमाने आणि प्रत्येक भाग निदान 10 सेकंदांचा, एवढे पाळले की चॅप्टर दिसतात.

```
00:00 वाडा, कुटुंब आणि मृत्युपत्र
04:20 तपासाची पद्धत
13:05 शेवटाची चर्चा: वाचून झालेल्यांसाठी
```

मुख्य मुद्द्यांच्या रकान्यातही हाच धोका आहे. ‘या पुस्तकातून काय शिकाल?’ या प्रश्नाला कादंबरीच्या बाबतीत ‘जवळच्या माणसाने केलेला विश्वासघात’ असे उत्तर दिले, तर रहस्य तिथेच संपते. त्याऐवजी ‘वारशाच्या वादात साक्षीदारांच्या आठवणींवर किती भिस्त ठेवावी?’ असा कथेच्या पूर्वार्धातच उभा राहणारा प्रश्न मी लिहितो. टॅगही त्याच कसोटीवर तपासतो.

‘कोणासाठी’ हा रकाना सुरुवातीला मला निव्वळ भरताड वाटत असे. ते मत आता पूर्ण बदलले आहे. ‘सर्व वाचकांसाठी’ असे लिहिल्याने काहीच कळत नाही, पण ‘संथ, तपशीलवार तपास आवडणाऱ्यांसाठी, झपाट्याने घडणारे कथानक हवे असलेल्यांनी दुसरे पुस्तक निवडावे’ असे लिहिले की शेवटाला धक्का न लावता पुस्तकाची जात कळते. डिस्क्रिप्शन उघडण्याआधी वरच्या मोजक्याच ओळी दिसतात, त्यामुळे हे वाक्य मी साहित्यप्रकारासह सर्वांत वर घेतो. टेम्प्लेट त्या जागी चॅनेलच्या लिंका भरतो.

चॅप्टरची नावे बदलण्याची सोय विक्रेता देत नाही, तोवर वर्गणीचे नूतनीकरण करणार नाही. तीन रकाने साध्या फाइलमध्ये उतरवून घेतले आहेत, आणि त्याला पैसे पडत नाहीत.