तंबाखू सोडताना स्वतःशी बोललेली वाक्यं: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखान्यात मी लेथवर काम करतो. कामाला एकोणीस वर्षं झाली, आणि तंबाखूलाही जवळजवळ तेवढीच. दिवसाला दहा-बारा बार व्हायचे, तिसऱ्या पाळीला त्याहून जास्त. गेल्या आषाढी एकादशीला सोडायला घेतली. आमच्याकडे एकादशीच्या उपवासाला शेंगदाणे, साबुदाणा, आणि तंबाखूही चालते असं सगळे धरून चालतात. त्या दिवशी मी ठरवलं की उपवासात तीही सोडायची. आता फाल्गुन आहे. या आठ महिन्यांत मी रोज स्वतःशी काही ठरावीक वाक्यं बोलत आलोय. त्यातली कुठली उपयोगी पडली, कुठली पडली नाहीत आणि का, ते लिहितोय.

एक आधीच सांगतो. ही वाक्यं म्हणजे औषध नाही. तोंडात पांढरा डाग आहे का, जखम भरत नाही का, हे कुठल्याही वाक्यानं कळत नाही; त्यासाठी दातांच्या डॉक्टरांपुढे तोंड उघडावं लागतं, आणि मी ते पहिल्याच आठवड्यात केलं. पुडीवर १८००-११-२३५६ हा मोफत नंबर छापलेला असतो, तोही मी वापरला. वाक्यांचं काम वेगळं आहे: हात पुडीकडे जातो तेव्हा मधे थोडी जागा तयार करणं.

सुरुवात मोबाईलवर मिळालेल्या वीस मिनिटांच्या एका ऑडिओनं केली. मागे बासरी आणि गोड आवाजात वाक्यं: ‘मी पूर्णपणे व्यसनमुक्त आहे. माझं शरीर शुद्ध आहे. मला तंबाखूची गरज नाही.’ झोपताना ऐकायचो. तिसऱ्या दिवशी ‘मला गरज नाही’ ऐकताना मनानं लगेच उत्तर दिलं, ‘मग दुपारी कपाट का उघडलंस?’ त्यानंतर प्रत्येक वाक्याला असंच उत्तर यायला लागलं. ऑडिओ संपेपर्यंत मी स्वतःला खोटारडा म्हणत पडलेलो असायचो, आणि त्या रागात उठून एक बार भरलाही.

माझी पुतणी मानसशास्त्र शिकते. तिनं सांगितलं की कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ साली नेमकं हेच पाहिलं होतं: ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच खालावलेलं असतं, त्यांनी स्वतःची मोठी स्तुती करणारं वाक्य घोकलं की त्यांना आणखी वाईट वाटतं. अभ्यास तंबाखूवर नव्हता, पण माझ्या उशाशी जे चाललं होतं ते त्यात बसत होतं. ती म्हणाली, ‘काका, बोलताना ज्या वाक्याला आतून विरोध होत नाही तेच ठेवा.’ मी त्याची परीक्षा अशी करतो: वाक्य मोठ्यानं म्हणायचं आणि दहा आकडे गप्प बसायचं. तेवढ्यात मन उलट बोललं तर वाक्य मोडायचं आणि लहान करायचं. ‘मी व्यसनमुक्त आहे’चं ‘मी सोडतोय’ झालं. त्यालाही उत्तर आलं. मग ‘आज सोडतोय’. शेवटी जे उरलं ते इतकंच होतं: ‘हा बार नाही.’ त्याला उत्तर आलं नाही, कारण त्यात खोटं काही नव्हतंच. पुढचा बार असेल नसेल, हा नाही.

पण नुसतं ‘नाही’ म्हणून हात थांबत नाही, हे पुढच्या पंधरा दिवसांत कळलं. तंबाखू मळणाऱ्याला हे सांगावं लागणार नाही. तलफ तोंडात येते त्याच्या आधी अंगठा तळहातावर फिरायला लागतो. लेथवर जॉब चकात धरला, ऑटो फीड लावलं की कट पुढं सरकेपर्यंत दोन-तीन मिनिटं हात मोकळे. माझे निम्मे बार त्याच मिनिटांत भरले जायचे. तिथं ‘हा बार नाही’ म्हणत उभा राहायचो तेव्हा ‘बार’ या शब्दानंच चुन्याचा वास नाकात यायचा. म्हणून वाक्य हाताला दिलं. ‘फीड लागलं की व्हर्निअर पुसतो.’ पहिला अर्धा भाग प्रसंग, दुसरा अर्धा काम, आणि तंबाखूचं नावच नाही. बनियनच्या चिंधीनं व्हर्निअर पुसताना अंगठा तसाच फिरतो, म्हणून असेल, पण माझ्या सगळ्या वाक्यांत हे सगळ्यात टिकलं. माझं व्हर्निअर सध्या खात्यात सगळ्यात स्वच्छ आहे.

याच धर्तीवर आणखी तीन प्रसंगांना तीन वाक्यं केली. जेवणानंतरचं: ‘ताट उचललं की चूळ भरतो, बडीशेप घेतो.’ (सुपारी मुद्दाम घेतली नाही. आमच्या खात्यातल्या एकानं तंबाखू सोडून सुपारी धरली, आता ती सुटत नाही.) चहाच्या सुट्टीतलं: ‘गाड्यावर गेलो की गेटच्या बाजूला उभा राहतो’, कारण पानपट्टी दुसऱ्या बाजूला आहे. सकाळचं सगळ्यात अवघड. ज्यांना सवय आहे त्यांना माहीत आहे, पहिला बार घेतल्याशिवाय पोट साफ होत नाही असं वाटतं आणि त्या भीतीनंच माणूस पुन्हा पुडी उघडतो. तिथं माझं वाक्य होतं, ‘उठलो की दोन तांबे पाणी, आणि वाट बघतो.’ पहिले दहा-बारा दिवस वाट बघण्यात खरोखरच वेळ गेला, कामाला उशीर झाला. त्या दिवसांत वाक्यानं पोटाला काही केलं नाही. मी पुडीपाशी गेलो नाही, एवढंच त्याचं श्रेय.

आता दुसऱ्यांपुढे बोलायच्या वाक्याबद्दल. माझ्या मते सोडणारे बहुतेक जण इथंच अडकतात. खात्यात थोरले मामा आहेत, त्यांनीच मला मळायला शिकवलं. पहिल्या महिन्यात त्यांनी हात पुढं केला की मी म्हणायचो, ‘सोडायचा प्रयत्न करतोय मामा.’ त्यावर त्यांचं ठरलेलं, ‘कर की रं, एका बारानं काय होतंय?’ आणि खरंच, प्रयत्न करणाऱ्याला एक बार देता येतो. प्रयत्न या शब्दात ती फट आहे.

मार्ग सापडला तो आमच्या शेजारच्या आजोबांकडे बघून. ते माळकरी आहेत. गावात कुणाच्या घरी मटणाचं जेवण असलं तर त्यांना कुणी आग्रह करत नाही. ते ‘मटण सोडायचा प्रयत्न करतोय’ असं कधी म्हणत नाहीत, ‘डॉक्टरनं नको म्हटलंय’ असंही नाही. ‘मी खात नाही’, संपलं. गळ्यातली माळ बाकीचं सांगते. माझ्या गळ्यात माळ नव्हती, पण वाक्य घेता येत होतं.

हे वाक्य कन्नडमध्ये आणखी पक्कं बसतं. आमच्या खात्यात निम्मी माणसं कन्नड बोलणारी. आधी मी त्यांना ‘ब्याड्री’ म्हणायचो, म्हणजे नको. ‘नको’ हे आत्तापुरतं असतं, तासाभरानं परत विचारता येतं, आणि ते विचारायचे. मग एकदा शेजारच्या मशीनवरचा एक जण कुणाला तरी अंड्याबद्दल म्हणाला, ‘ना तिन्नंगिल्री.’ मी खात नाही, माझी तशी पद्धतच नाही. मी तोच शब्द उचलला. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा त्यानं माझ्याकडं नीट बघितलं, पुडी खिशात घातली आणि परत कधी विचारलं नाही. मराठीत मामांनाही मी तेच म्हणायला लागलो: ‘मामा, मी खात नाही.’ आवाज न चढवता, कारण न सांगता. कारण सांगितलं की त्यावर वाद होतो.

इथं कुणी विचारेल की ‘खात नाही’ हेही सुरुवातीला खोटंच नव्हतं का? रात्री एकट्यानं अंथरुणात म्हटलं तर आतून विरोध व्हायचा, हे खरं. चारचौघांत म्हटलं की मात्र ते बढाई न राहता दिलेला शब्द होतो, आणि पुढचा तासभर तो पाळायचा असतो. म्हणून मी दोन्ही वेगळी ठेवतो. आत बोलताना लहान आणि त्या घटकेपुरतं, बाहेर बोलताना पूर्ण. यांची अदलाबदल केली की दोन्ही बिघडतात.

एक वाक्य मी अजिबात ठेवलं नाही: ‘तंबाखू घाण आहे.’ माझी बहीण निपाणीकडे दिलेली आहे. तिच्या सासरच्यांनी बिडीच्या तंबाखूवर घर बांधलं, पोरं शिकवली. त्या भागातल्या शेतकऱ्यांनी १९८१ साली शरद जोशींबरोबर तंबाखूच्या भावासाठी महामार्ग अडवला होता, त्या आठवणी तिचे सासरे अजून सांगतात. दिवाळीत तिच्याकडं गेलो तेव्हा तंबाखूची पोती ठेवलेल्या खोलीशेजारीच झोपायचं होतं. तिथं पडून ‘घाण आहे’ म्हणणं मला त्या माणसांचा अपमान वाटला, आणि अपमान वाटणारं वाक्य मन धरून ठेवत नाही. त्या रात्री मी म्हटलं, ‘हे त्यांचं पीक आहे, माझा घास नाही.’ झोप उशिरा लागली, पण उठलो नाही.

आता चुकीबद्दल. गणपती विसर्जनाच्या रात्री मी खाल्ली. बेळगावची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. ढोल, जागरण, पहाटे चारचा चहा, आणि कुणीतरी मळून हातावर ठेवली. चार प्रसंगांची वाक्यं होती, पाचव्याचं नव्हतं. पण खरं नुकसान त्या एका बारानं झालं नाही. तोवर मी कॅलेंडरवर दिवस मोजत होतो आणि रोज ‘माझा इतकावा दिवस’ असं म्हणत होतो. आकडा शून्यावर आला तसं ते वाक्यही मेलं, आणि पुढचे सहा दिवस मी सरळ खात राहिलो. सातव्या दिवशी मोजणं बंद केलं आणि नवं वाक्य लिहिलं: ‘काल खाल्ली. आज फीड लागलं की व्हर्निअर पुसतो.’ खाल्ल्याची कबुली वाक्यातच असल्यामुळं मनाला उलट बोलायला काही उरलं नाही. तेव्हापासून आणखी दोनदा चुकलो, एकदा डिसेंबरात आणि एकदा एका मयतीला. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी सकाळी दोन तांबे पाण्यापासून सुरुवात केली.

वाक्यं झिजतात, हेही लिहायला हवं. साधारण तीन आठवड्यांनी एखादं वाक्य तोंडातून निघतं पण कानापर्यंत पोचत नाही. ओळखायची खूण अशी, की वाक्य म्हणत असतानाच हात खिशात गेलेला असतो. तेव्हा अर्थ तोच ठेवून शब्द बदलायचे. ‘चूळ भरतो’चं मी ‘नळापाशी जातो’ केलं. वाढवायचं मात्र नाही. मध्यंतरी वडिलांच्या नामजपाच्या वहीसारखं रोज एकशे आठ वेळा लिहून पाहिलं, तर शेवटच्या साठ ओळी नुसता हात चालत होता. आता दिवसाला प्रसंग येईल तेवढ्याच वेळा म्हणतो.

जुनी चुन्याची डबी मी टाकली नाही. घासून घेतली आणि त्यात चिठ्ठ्या ठेवतो, प्रसंगाची एक. तिसऱ्या पाळीत पहाटे तीनच्या सुमाराला अजूनही डबीचं झाकण उघडतो. गेल्या आठवड्यात त्या वेळेची चिठ्ठी झिजलेली वाटली, म्हणून मुलीकडून नवी लिहून घेतली. तिनं विचारलं, ‘काय लिहू?’ मी सांगितलं, ‘तीन वाजले की दाराशी जाऊन उभा राहतो, गार वारा घेतो.’ तिनं लिहिलं आणि खाली आपल्या मनानं जोडलं, ‘आणि साडेसातला घरी येतो.’

ती ओळ मी खोडली नाही.