उपकवचं पटवायला काय दाखवावं: आयनन ऊर्जा की फोटोइलेक्ट्रॉन वर्णपट?

पुण्यात अकरावीला शिकवणाऱ्या एका मैत्रिणीला हा प्रश्न पडलाय. निऑन घेऊन दोन्ही ताडून बघू.

क्रमवार आयनन ऊर्जांमध्ये आठव्या इलेक्ट्रॉनला 239 तर नवव्याला 1196 इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, म्हणजे कवच बदललं. हे अगदी स्पष्ट आहे. पण 2p संपून 2s सुरू होतं तिथे 158 वरून 207 एवढीच पायरी दिसते. शिवाय प्रत्येक वेळी अणू वेगळा असतो, आधीच्यापेक्षा जास्त धनभारित.

वर्णपटात प्रत्येक इलेक्ट्रॉन उदासीन अणूतूनच निघतो. ॲल्युमिनियमचे 1486.6 चे क्ष-किरण टाकले आणि इलेक्ट्रॉन 616.4 गतिज ऊर्जेने बाहेर आला, तर बंधन ऊर्जा 870.2, म्हणजे 1s. उरलेली शिखरं 48.5 (2s) आणि 21.6 (2p) जवळ येतात. दुसऱ्या कवचाची अशी दोन शिखरं, हाच उपकवचांचा थेट पुरावा.

पुस्तकी आलेखातली 2:2:6 उंची मात्र आदर्श असते. खऱ्या मापनात ती किरणांच्या ऊर्जेनुसार बदलते, हे मुलांना जरूर सांगावं.

कवचंच शिकवायची असतील तर आयनन ऊर्जांचा तक्ता पुरतो. उपकवचांसाठी मी वर्णपटच घेईन.