एका शोधनिबंधाची घोषणा, तीन मसुदे: कोणता निवडावा?

शोधनिबंध स्वीकारला गेला की प्रयोगशाळेतल्या कुणातरी एकावर, बहुधा संशोधक विद्यार्थ्यावर, समाजमाध्यमांवर त्याची घोषणा करणारे कॅप्शन लिहिण्याचे काम येते. शोधनिबंध लिहायला वर्ष-दोन वर्षे लागलेली असतात आणि हे चार ओळींचे काम मात्र दुपारभरात उरकायचे असते. अशा वेळी तीन प्रकारचे मसुदे समोर येतात. पहिल्यात शोधनिबंधाची भाषा जशीच्या तशी उचललेली असते, दुसऱ्यात निष्कर्ष ठळक टक्केवारीत जाहीर केलेला असतो आणि तिसऱ्यात जे मोजले ते माणसांच्या संख्येत सांगितलेले असते. या आढाव्यात एकच कल्पित अभ्यास घेऊन हे तिन्ही मसुदे शेजारी-शेजारी ठेवले आहेत. माझा कल तिसऱ्याकडे आहे, आणि तो का आहे हे आकड्यांवरूनच दाखवता येईल असे मला वाटते.

समजा, प्रयोगशाळेने ४,००० प्रौढांची पाच वर्षे नोंद ठेवली. सुरुवातीला कुणालाच उच्च रक्तदाब नव्हता. त्यांपैकी १,००० जण रात्री सहा तासांहून कमी झोपत होते आणि ३,००० जण सात ते आठ तास. पाच वर्षांनंतर कमी झोपणाऱ्यांपैकी १५० जणांना उच्च रक्तदाब जडलेला आढळला, तर पुरेसे झोपणाऱ्यांपैकी ३६० जणांना. म्हणजे पहिल्या गटात १०० पैकी १५ आणि दुसऱ्यात १०० पैकी १२. कुणालाही कमी झोपायला सांगितलेले नव्हते. लोक जसे झोपत होते तशी फक्त नोंद झाली.

पहिला मसुदा असा होतो: «प्रौढांमधील अल्प निद्राकाल आणि उच्च रक्तदाबाची नवी प्रकरणे यांचा संबंध: समूह-अभ्यास. सापेक्ष जोखीम १.२५, ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल १.०५ ते १.४९.»

दुसरा असा: «कमी झोपेमुळे उच्च रक्तदाबाचा धोका तब्बल २५ टक्क्यांनी वाढतो! आमच्या प्रयोगशाळेचा नवा शोध.»

आणि तिसरा: «चार हजार प्रौढांची पाच वर्षे नोंद ठेवली. सात-आठ तास झोपणाऱ्या १०० जणांपैकी १२ जणांना या काळात उच्च रक्तदाब जडला; सहा तासांहून कमी झोपणाऱ्या १०० जणांपैकी १५ जणांना. हा फरक झोपेमुळेच पडला का, हे या अभ्यासातून ठरत नाही.»

पहिल्या मसुद्यात चूक काहीच नाही, आणि जिथे वाचक त्याच विषयातले आहेत तिथे तो वापरायला हरकत नाही. परंतु ज्याला सापेक्ष जोखीम म्हणजे काय हे ठाऊक नाही, त्याच्या हाती त्यातून फक्त झोप आणि रक्तदाब हे दोन शब्द लागतात, आणि त्या दोन शब्दांमधली मोकळी जागा तो आपल्या समजुतीने भरून काढतो. बहुतेक वेळा ती समजूत दुसऱ्या मसुद्यासारखीच असते. म्हणून हा मसुदा सावध दिसला तरी सामान्य वाचकाच्या बाबतीत तो गैरसमज टाळत नाही. तो टाळण्याचे काम वाचकावर सोपवतो.

खरी तुलना दुसऱ्या आणि तिसऱ्या मसुद्यात आहे, कारण दोघांतही आकडे तेच आहेत. १५ भागिले १२ म्हणजे १.२५, म्हणजे २५ टक्के अधिक. आणि १५ वजा १२ म्हणजे ३, म्हणजे शंभरात तीन जण अधिक. पहिला हिशेब सापेक्ष आहे आणि दुसरा निरपेक्ष. दोन्ही खरे आहेत, पण २५ टक्के हा आकडा कशाचे २५ टक्के हे सांगत नाही. मूळ प्रमाण १०० पैकी १२ असो की १ लाखात ४, «२५ टक्क्यांनी वाढ» हे शब्द तेच राहतात, मात्र दुसऱ्या बाबतीत लाखात एकच माणूस वाढलेला असतो. शिवाय अनेक वाचक «२५ टक्के धोका» म्हणजे शंभरातल्या पंचवीस जणांना आजार होईल असे समजतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही, कारण वाक्याने त्यांना दुसरा आधारच दिलेला नसतो.

या गोंधळाची किंमत किती असू शकते याचे उदाहरण ब्रिटनमधले आहे. ऑक्टोबर १९९५ मध्ये तिथल्या औषध-सुरक्षा समितीने जाहीर केले की तिसऱ्या पिढीच्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताच्या गुठळ्या होण्याची शक्यता दुप्पट होते. मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगरेंझर यांनी हे प्रकरण वारंवार मांडले आहे. त्यांनी दिलेल्या आकड्यांनुसार ही वाढ ७,००० स्त्रियांमागे एकीवरून दोघींवर, अशी होती. «दुप्पट» हा शब्द मात्र वाऱ्यासारखा पसरला, अनेक स्त्रियांनी गोळ्या सोडल्या, आणि पुढच्या वर्षी इंग्लंड व वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात अधिक झाल्याचा अंदाज आहे. गर्भारपणात आणि गर्भपातातही गुठळ्यांचा धोका असतो, आणि गर्भारपणातला तर या गोळ्यांपेक्षा अधिक, हे लक्षात घेतले की एका शब्दाने लोकांना कमी धोक्याकडून अधिक धोक्याकडे ढकलले हे स्पष्ट होते.

दुसऱ्या मसुद्यातली याहून मोठी चूक आकड्यात नाही, ती «मुळे» या शब्दात आहे. आपल्या कल्पित अभ्यासात कमी झोपणारे लोक आणि पुरेसे झोपणारे लोक केवळ झोपेतच वेगळे होते असे मानायला आधार नाही. रात्रपाळी करणारा माणूस कमी झोपतो, पण त्याचे जेवणही अवेळी होते. झोपेत श्वास अडण्याचा विकार असलेल्याची झोप मोडते आणि त्याच विकारामुळे त्याचा रक्तदाबही वाढतो. म्हणजे कारण तिसरेच असते आणि झोप व रक्तदाब ही त्याची दोन फळे असतात. शोधनिबंध लिहिणाऱ्यांना हे पक्के ठाऊक असते, म्हणून ते «संबंध आढळला» असे लिहितात. कॅप्शन लिहिताना तो शब्द मिळमिळीत वाटतो आणि त्याच्या जागी «मुळे» येतो. एवढ्या एका शब्दाने निरीक्षणाचा प्रयोग होऊन जातो.

हे दुर्मीळ नाही. कार्डिफ विद्यापीठातल्या संशोधकांच्या पुढाकाराने २०१४ मध्ये «बीएमजे» या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ब्रिटनमधल्या २० विद्यापीठांची २०११ सालची, आरोग्याशी संबंधित ४६२ प्रसिद्धीपत्रके मूळ शोधनिबंधांशी ताडून पाहिली होती. सुमारे एक तृतीयांश पत्रकांत कार्यकारणाचा दावा शोधनिबंधापेक्षा जोरकस होता. पत्रकात अशी अतिशयोक्ती असली की ८१ टक्के बातम्यांत ती उतरली होती. पत्रक संयत असले तर १८ टक्के बातम्यांत. बातमीदारांवर दोष टाकण्याची आपल्याकडे सवय आहे, पण या आकड्यांवरून पाणी बऱ्याचदा उगमापाशीच गढूळ होते असे दिसते. त्याच अभ्यासात अतिशयोक्ती केल्याने बातम्या अधिक छापून आल्याचा ठोस पुरावा मिळाला नाही, म्हणून «साधे लिहिले तर कोण वाचणार» ही भीती निवड करताना फारशी मोजू नये.

तिसरा मसुदाही निर्दोष नाही. त्यातले १५ आणि १२ हे कच्चे आकडे आहेत. शोधनिबंधात वय, वजन, धूम्रपान यांचा हिशेब करून काढलेले सुधारित प्रमाण दिलेले असते, आणि ते बहुधा कच्च्या प्रमाणापेक्षा वेगळे असते. समजा, या अभ्यासात ते १.२५ वरून १.१७ वर आले. मग मूळ १२ ला १.१७ ने गुणून सुमारे १४ हा आकडा घ्यायला हवा, आणि «शंभरात तीन» ऐवजी «शंभरात सुमारे दोन» असे लिहायला हवे. सारांशात सुधारित प्रमाण आणि कॅप्शनमध्ये कच्ची वजाबाकी, अशी सरमिसळ झाली की जाणकार वाचक ती लगेच पकडतो. मसुदा शोधनिबंधाच्या पहिल्या लेखकाला दाखवताना «हे आकडे कोणत्या तक्त्यातले» एवढे विचारले तरी ही चूक सापडते.

अनिश्चितता किती सांगावी, हाही प्रश्न उरतो. कच्च्या आकड्यांतला तीन जणांचा फरक ९५ टक्क्यांच्या मर्यादेत, म्हणजे पहिल्या मसुद्यातल्या कॉन्फिडन्स इंटरव्हलच्या हिशेबाने, पाहिला तर तो शंभरात अर्ध्या माणसापासून साडेपाच माणसांपर्यंत कुठेही असू शकतो. पूर्ण मर्यादा कॅप्शनमध्ये देण्याची गरज नाही, पण «फरक याहून बराच कमी किंवा जास्तही असू शकेल» हे एक वाक्य द्यावे, कारण तीन हा आकडा वाचकाला मोजलेल्या उंचीइतका पक्का वाटतो.

जागेचा विचार मात्र निर्णायक आहे. इन्स्टाग्रामवर कॅप्शन २,२०० अक्षरांपर्यंत लिहिता येते, तरी पुढे टिचकी मारल्याशिवाय साधारण पहिली १२५ अक्षरेच दिसतात. संगणक काना, मात्रा, अनुस्वार आणि हलंत वेगवेगळे मोजतो, त्यामुळे मराठीत ही जागा पंधरा-वीस शब्दांत संपते. म्हणून «हा अभ्यास निरीक्षणाचा आहे» किंवा «हे उंदरांमध्ये आढळले» अशी मर्यादा शेवटच्या परिच्छेदात ठेवली तर बहुतेकांच्या दृष्टीने ती लिहिलेलीच नसते. ती पहिल्याच वाक्याच्या क्रियापदात किंवा कर्त्यात बसवावी लागते. «उंदरांमध्ये स्मरणशक्ती सुधारली» यात दोन अक्षरेही वाया जात नाहीत आणि वाचक फसत नाही.

मग निवड कशी करावी? वाचक त्याच विषयातले असतील तर पहिला मसुदा पुरेसा आहे. अभ्यास चिठ्ठ्या टाकून गट पाडलेला असेल, म्हणजे कोणाला काय द्यायचे हे चिठ्ठीने ठरलेले असेल, तर दुसऱ्या मसुद्यातले «मुळे» चालू शकते, पण तेव्हाही टक्केवारीशेजारी मूळ प्रमाण हवेच. बाकी सर्व वेळी, विशेषतः आरोग्याच्या विषयात आणि निरीक्षणाच्या अभ्यासात, तिसरा घ्यावा. निष्कर्षात धोक्याचे आकडेच नसतील, उदाहरणार्थ एखाद्या प्रथिनाची रचना उलगडली असेल, तर ही तुलना तितकीशी लागू पडत नाही. तिथे काय पाहिले आणि कशात पाहिले, एवढे सांगणे पुरते.

निवडलेला मसुदा टाकण्याआधी प्रयोगशाळेबाहेरच्या एका माणसाला एकदाच वाचायला द्यावा, मग मसुदा बाजूला ठेवावा आणि त्याला दोन प्रश्न विचारावेत: शंभरातल्या किती जणांना आजार झाला, आणि झोप वाढवली तर तो टळेल असे यात म्हटले आहे का? पहिल्याचे उत्तर «पंचवीस» आले किंवा दुसऱ्याचे «हो» आले, तर मसुदा पुन्हा लिहावा. सुधारित प्रमाण धरून आमच्या कल्पित अभ्यासाची पहिली ओळ मी अशी लिहीन, आणि ती १२५ अक्षरांत बसते: «सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांत उच्च रक्तदाब थोडा अधिक आढळला: पाच वर्षांत १०० पैकी सुमारे १४ जणांना, इतरांत १२ जणांना.»