अण्णांच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ, आठ महिने आणि चार मिलिमीटर

हे मी गणपतीतच लिहिणार होतो, कारण तेव्हा मी खूश होतो. आता दुसरी छपाई होऊन गेली आहे, मध्ये एक भांडणही होऊन गेलंय, त्यामुळे जरा वेगळं लिहावं लागतंय.

अण्णांच्या आठवणींचं पुस्तक आम्ही घरचंच काढलं. डेमी आकार, २०८ पानं, पहिल्या ३०० प्रती. मुखपृष्ठासाठी एकच फोटो होता: सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्याच्या दिंडी दरवाजाशी सायकल धरून उभे असलेले अण्णा, डोक्यावर टोपी, पोस्टकार्डाएवढी कृष्णधवल प्रत. त्यावरून चित्र करून देणारी एक चित्रकार ओळखीतून मिळाली. पुढचं, मागचं आणि कण्याचं मिळून ७,००० रुपये. मी सहा म्हणून पाहिलं. ती गोड हसली आणि सातच घेतले.

आधी कौतुकाचं सांगतो, कारण ते खरंच आहे. फोटोत अण्णांचा चेहरा जेमतेम आठ मिलिमीटरचा. ६०० डीपीआयला स्कॅन केला तरी चेहऱ्याच्या वाट्याला दोनशेच्या आसपासच पिक्सेल येतात. माझ्या भाच्याने तो फोटो आधी एका सॉफ्टवेअरमधून तीन रंगांत उतरवून पाहिला होता, तर चेहऱ्याच्या जागी शाईचा डाग आला आणि टोपी मागच्या भिंतीत विरघळली. या बाईंनी अण्णांचे त्याच वयातले आणखी तीन फोटो मागवून घेतले आणि डोळे काढलेच नाहीत! टोपीची सावली, चष्म्याची काडी, मिशीचा एक जाड फटकारा, संपलं. लाकडी ठशासारखं चित्र, विटकरी, साय आणि गडद निळा असे तीनच रंग. आत्याने लांबूनच ओळखलं, तेही चष्मा न लावता.

दुसरी अडचण शीर्षकाची. फोटोत टोपी वरच्या कडेला जवळजवळ टेकलेली, म्हणजे नाव लिहायला जागाच नाही. तिने वाड्याची भिंत वर वाढवून घेतली, अण्णांना खाली सरकवलं आणि वरचे साधारण पंचाहत्तर मिलिमीटर मोकळे ठेवले. नुसतं मोकळं ठेवून भागत नाही हे मला तेव्हा कळलं. दरवाजावरची तुळई शीर्षकाच्या बरोबर खालून आडवी जात होती, आणि पहिल्या कच्च्या चित्रात ती दुसऱ्या शिरोरेघेसारखी दिसत होती. शीर्षकात एक रफार आणि दोन उकार आहेत. त्यातला एक उकार थेट तुळईवर जाऊन बसला होता. तिने तुळई मध्येच सावलीत बुडवली. इंग्रजी अक्षरांच्या हिशेबाने जागा सोडणाऱ्याला हे सुचलं नसतं, कारण आपल्या अक्षरांना वर आणि खाली दोन्हीकडे हात-पाय असतात. लेखकाचं नाव खाली, सायकलच्या चाकाशेजारच्या फरशीवर, तिथे मुद्दाम काहीच काढलेलं नाही.

इथपर्यंत पाच पैकी पाच.

आता कणा. पहिल्या खेपेला छापखान्याने ७० जीएसएम मॅपलिथो वापरला होता. २०८ पानं म्हणजे १०४ कागद, त्याची जाडी नऊ मिलिमीटरच्या थोडी वर, त्यात कव्हरचं कार्ड धरून कणा १० मिलिमीटर. तिने फाइल त्याप्रमाणे केली: मागचं पान १४०, कणा १०, पुढचं पान १४०, दोन्ही टोकांना तीन-तीन मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कटिंगमध्ये कापून जाणारं जादा चित्र, एकूण रुंदी २९६. कण्यावरचं शीर्षक वाचता येईल एवढं मोठं ठेवलं, तरी दोन्ही कडांना दोन-दोन मिलिमीटर सोडले होते, कारण बाइंडिंगमध्ये घडी एखादा मिलिमीटर इकडेतिकडे होतेच. तीनशे प्रती उत्तम आल्या. दिवाळीपर्यंत संपल्या.

जानेवारीत आणखी २०० छापायचं ठरवलं. छापखानेवाले म्हणाले, बल्की कागद उरलाय, प्रतीमागे सहा रुपये कमी पडतील. बाराशे रुपये वाचतात म्हटल्यावर मी लगेच हो म्हटलं. बल्की कागद हाताला हलका लागतो, पण फुगलेला असतो. कणा झाला १४. फाइल मात्र तीच जुनी वापरली.

साठ प्रती बांधून झाल्यावर मी एक हातात घेतली. कण्याची पट्टी गडद निळी, आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन मिलिमीटर विटकरी रंग कण्यावर चढलेला. अगदी साडीला काठ असावेत तसा! शिवाय लागणारी रुंदी आता २९४ आणि फाइल २९६, म्हणजे ब्लीड एकेक मिलिमीटरच उरलं. कटिंग जरा सरकलं की कडेला पांढरी रेघ. साठातल्या अकरा प्रतींत ती होती. मी एकेक मोजली आहे.

मी चित्रकाराला फोन करून बरंच काही बोललो. तिने शांतपणे जुना मेल पुढे पाठवला. तिच्या पहिल्या आराखड्यात निळी पट्टी नव्हतीच. वाड्याची भिंत मागच्या पानावरून कण्यावर आणि तिथून पुढे अशी सलग येत होती, आणि तिने लिहिलं होतं की रंगाची कडक कड घडीवर ठेवू नका, कणा थोडा बदलला तरी दिसेल. कपाटात उठून दिसावं म्हणून पट्टीचा हट्ट माझा होता. त्याच मेलच्या शेवटी होतं: कागद बदलला तर आधी कळवा. हे मी वाचलंच नव्हतं, कारण त्याच्या वरच्या ओळीत लेयर्सची फाइल हवी असल्यास १,५०० रुपये जादा असं लिहिलं होतं आणि माझं डोकं तिथेच अडकलं.

तेव्हा तिच्यावरचा राग मागे घेतो. छापखान्यावरचा अर्धाच घेतो. कागद बदलताना कणा वाढेल हे त्यांना माहीत असायलाच हवं होतं. कोऱ्या पानांची डमी बांधून ती मोजायला दहा मिनिटं लागतात. आता मी स्वतः डमी मागतो, दाबून धरतो आणि वर्निअर लावतो. भाच्याच्या कॉलेजचा वर्निअर आहे, फुकट.

उरलेल्या १४० प्रतींसाठी तिने भिंत सलग केलेली फाइल ८०० रुपयांत करून दिली, कव्हरं पुन्हा छापायला १,९६० लागले. बाराशे वाचवायला गेलो आणि सत्तावीसशे साठ घालवले. बायकोने हा हिशेब फ्रिजवर लावला आहे.

नवी कव्हरं मात्र मला पहिल्यापेक्षा आवडतात. घडी कुठेही पडली तरी भिंत भिंतच राहते. आणखी एक गोष्ट आठ महिन्यांनी कळली: पहिल्या प्रतींत गडद निळ्या पट्टीच्या घडीवर, हाताळून हाताळून, मॅट लॅमिनेशनखालचा रंग फुटला आहे आणि पांढरा धागा दिसायला लागला आहे. विटकरी रंगावर तेच फुटणं एवढं डोळ्यांत भरणार नाही असं तिचं म्हणणं आहे. घरातल्या नव्या कव्हरच्या प्रतीवर अजून तरी तसं काही नाही.

काठवाल्या चाळीस प्रती माळ्यावर आहेत. आत्याला नेमक्या त्याच आवडतात, आणि ती त्या फुकट मागते.