‘वेदना 4’ म्हणजे नेमकं किती? केअर प्लॅनमधलं ध्येय लिहायच्या दोन पद्धती

जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंगच्या केस बुकात सगळ्यात जास्त वेळा सापडणारं वाक्य म्हणजे ‘रुग्णाच्या वेदना कमी होतील’. किती कमी, कधीपर्यंत आणि कोणाच्या सांगण्यावरून, याचा पत्ता नाही. त्याच्या जोडीला ‘नर्स दर चार तासांनी वेदना तपासेल’ असंही लिहिलेलं असतं. ते तर ध्येयच नाही, ती आपली कामाची यादी झाली. अपेक्षित परिणाम हा रुग्णात दिसणारा बदल असतो, म्हणून वाक्याचा कर्ता रुग्णच हवा.

हे ज्यांना कळलं आहे, त्यांच्यापुढे पुढचा प्रश्न उभा राहतो. परिणाम आपल्या शब्दांत, आकडा आणि वेळ घालून लिहायचा, की एनओसी या नर्सिंग परिणामांच्या वर्गीकरणातला तयार परिणाम घेऊन त्याची 1 ते 5 ची श्रेणी वापरायची? हे वर्गीकरण अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात तयार झालं आणि 1997 मध्ये पहिल्यांदा पुस्तकरूपात आलं. कॉलेजात दोन्ही पद्धती शिकवतात, पण ग्रामीण रुग्णालयाच्या वॉर्डात कोणती चालेल ते कोणी सांगत नाही. म्हणून एकच केस दोन्ही पद्धतींनी लिहून पाहू.

गडचिरोली जिल्ह्यातलं एक ग्रामीण रुग्णालय. रोवणीचे दिवस. सतरा वर्षांची मुलगी, वजन 38 किलो, सिकलसेलचं निदान लहानपणीच झालेलं. दोन दिवस पावसात, चिखलाच्या थंड पाण्यात उभं राहून रोवणी केली, पाणी पिणं राहून गेलं आणि तिसऱ्या दिवशी दुखणं उठलं. “मांड्या लय ठणकून राहिल्या, सिस्टर,” एवढंच बोलते आणि गुडघे पोटाशी घेऊन पडून राहते. 0 ते 10 च्या मापावर वेदना 8 सांगते. ताप नाही, छातीत दुखत नाही, ऑक्सिजन 96.

नर्सिंग निदान असं होईल: तीव्र वेदना, कारण, विळ्याच्या आकाराच्या पेशींनी बारीक रक्तवाहिन्या तुंबल्यामुळे ऊतींना प्राणवायू कमी पडणे, पुरावा, 10 पैकी 8 वेदना, कण्हणे, चालायला नकार.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवली की अर्धं काम होतं. ध्येय निदानाच्या पहिल्या भागातून, म्हणजे समस्येतून निघतं. आपण काय करायचं ते दुसऱ्या भागातून, म्हणजे कारणातून निघतं. सलाईन, ऊब आणि पाणी पाजणं हे कारणावरचे उपाय आहेत. ‘24 तासांत 1900 मिली द्रव पोटात जाईल’ हे या निदानाचं ध्येय म्हणून लिहिलं, तर ते गाठूनही मुलगी कण्हतच राहू शकते.

आता पहिली पद्धत, आपल्या शब्दांत:

> वेदनाशामक शिरेतून दिल्यावर 30 मिनिटांत रुग्ण स्वतः सांगेल ती वेदना 8 वरून 5 किंवा त्याखाली येईल.
> 24 तासांत आईचा हात धरून संडासापर्यंत चालत जाईल.
> 48 तासांत तोंडी औषधावर वेदना 3 किंवा कमी राहील.
> 48 तासांत रात्री सलग चार तास झोपेल.

दुसरी पद्धत, एनओसीच्या श्रेणीत:

> परिणाम: वेदनेची पातळी (1 अतितीव्र, 2 बरीच, 3 मध्यम, 4 सौम्य, 5 अजिबात नाही)
> सांगितलेली वेदना: आता 1, ध्येय 4
> कण्हणे: आता 2, ध्येय 5
> वेदना टिकण्याचा काळ: आता 1, ध्येय 4
> मुदत: 48 तास

दोन्ही मोजता येतात. एनओसीचा फायदा असा की सुरुवात आणि शेवट एकाच ओळीत दिसतात, आणि दुखण्याचे वेगवेगळे धागे सुटे राहतात. कण्हणं थांबलं पण दुखण्याचा काळ हललाच नाही, हे पहिल्या पद्धतीत सहज निसटतं. वयात आलेल्या मुलींच्या बाबतीत तर हे हमखास घडतं. समोरच्या खाटेवर गावातलं कोणी येऊन बसलं की ती गप्प होते, आणि दुखणं तेवढंच असतं. म्हणून कोणत्याही पद्धतीत शेवटचा शब्द रुग्णाच्या सांगण्याला. ती मोबाइल पाहत आहे म्हणजे दुखत नसेल, असं आपण ठरवायचं नाही.

पण याच श्रेणीत वॉर्डातला सगळ्यात मोठा खड्डा आहे. 0 ते 10 च्या मापावर आकडा वाढला की दुखणं वाढलं. एनओसीच्या या परिणामात आकडा वाढला की दुखणं कमी झालं. संध्याकाळच्या सिस्टरने श्रेणीप्रमाणे ‘वेदना 2’ लिहिलं, म्हणजे बरीच वेदना. नाइटच्या सिस्टरने ते 10 पैकी 2 असं वाचलं, म्हणजे किरकोळ. अशा वेळी हँडओव्हरमध्ये कोणी जास्त विचारत नाही, आणि मुलीला रात्रभर गरजेप्रमाणे द्यायचं औषध मिळत नाही. सकाळी चार्ट पाहिला तर चूक कोणाचीच दिसत नाही, कारण दोघींनी आपापल्या जागी बरोबरच लिहिलेलं असतं. जिथे एका ड्यूटीला एकच सिस्टर असते, त्यातली एखादी कंत्राटी नवी असते आणि एनओसीचं पुस्तक रुग्णालयात नसतं, तिथे वेदनेसाठी ही श्रेणी मी वापरणार नाही. वापरायचीच झाली, तर नुसता आकडा कधीच नको. ‘श्रेणी 2, बरीच’ असं शब्दासकट लिहावं.

श्रेणीची दुसरी अडचण म्हणजे ‘बरीच’ आणि ‘मध्यम’ यांच्यातली रेघ प्रत्येकीची वेगळी असते. कण्हण्याला एक सिस्टर 2 देईल, दुसरी 3. सगळ्यांनी एकत्र बसून ‘सलग कण्हते ती 1, हलवलं की कण्हते ती 3’ असं आधी ठरवलं असेल, तरच आज 2 आणि उद्या 3 याला अर्थ राहतो.

आकड्याची पद्धतही बिनधोक नाही. आपल्याकडे बरेच रुग्ण 0 ते 10 मध्ये सांगतच नाहीत. औषधानंतर मुलगी म्हणते, “आठ आणे कमी झालं जी.” सोळा आण्यांतले आठ, म्हणजे निम्मं; आपण मनातल्या मनात 8 चं 4 करतो आणि ध्येय गाठलं असं लिहून मोकळे होतो. पण ती किती कमी झालं ते सांगते आहे आणि आपण किती उरलं ते लिहितो आहोत. पुन्हा विचारावं: “आता जे आहे, ते किती आणे?” ती ‘दहा आणे’ म्हणाली, तर दहापैकी सहाच्या वर झालं, ध्येय गाठलेलं नाही. असं असेल तर ध्येयच आण्यांत लिहायला काय हरकत आहे? ‘30 मिनिटांत सोळापैकी आठ आणे किंवा कमी’. परीक्षकाला रुचणार नाही कदाचित, पण मोजमाप पक्कं आहे आणि माप रुग्णाचं स्वतःचं आहे. फक्त पहिल्या नोंदीपासून शेवटच्यापर्यंत तेच माप ठेवावं.

मुदतीचंही तसंच. शिरेतून दिलेल्या औषधाचा परिणाम 15 ते 30 मिनिटांत पाहायचा असतो, तोंडी दिलेल्याचा तासाभराने. ‘आठ तासांत वेदना कमी होईल’ असं लिहिलं की मधले सात तास कोणी विचारायला जात नाही. उलट ‘24 तासांत वेदना 0’ हे या आजारात बहुधा खोटं ठरतं. असा झटका काही दिवस, कधी आठवडाभरही टिकतो. म्हणून वर चालण्याची आणि झोपेची ओळ घातली. आकडा 5 वर अडकला असतानाही मुलगी उठून संडासाला गेली, तर काहीतरी पुढे सरकलं आहे.

मूल्यमापन कसं होतं तेही पाहू. 30 मिनिटांनी वेदना 7. ध्येय गाठलं नाही. इथे ध्येय खाली आणून ‘7 पर्यंत येईल’ असं करायचं नसतं. डॉक्टरांना कळवायचं, पुढचा डोस किंवा वेगळं औषध मागायचं आणि पुन्हा 30 मिनिटांची मुदत घालायची. दुसऱ्या दिवशी वेदना 5, पण हात धरून चालली. चालण्याची ओळ पूर्ण, आकड्याची 48 तासांची ओळ अजून चालू. आकडा आणि कृती अशा सुट्या ओळी असल्या की हे लगेच लिहिता येतं. सगळं एकाच वाक्यात कोंबलं असेल तर ‘अंशतः साध्य’ यापलीकडे काही लिहिता येत नाही, आणि कोणता अंश, ते पुढच्या सिस्टरला कळत नाही.

‘ऑक्सिजन 94 च्या खाली जाणार नाही’ किंवा ‘ताप येणार नाही’ अशाही ओळी या निदानाखाली दिसतात. त्या इथल्या नाहीत. छातीतली गुंतागुंत होऊ न देणं नुसत्या नर्सिंग उपायांच्या हातात नसतं. तिथे आपलं काम लक्ष ठेवायचं आणि वेळेत कळवायचं, म्हणून ते देखरेखीच्या रकान्यात जावं: ऑक्सिजन, श्वासाचा वेग, ताप किती तासांनी पाहायचं आणि किती झालं की डॉक्टरांना उठवायचं.

मग एनओसी कुठे वापरावं? जिथे मुळात आकडा नसतो तिथे. सुट्टीच्या वेळी या मुलीला आजाराची समज किती आहे, ती दुखण्याची सुरुवात ओळखते का, औषध नेमाने घेते का, याला 0 ते 10 चं माप नाही. एनओसीत ज्ञानाचे आणि स्वतःची काळजी घेण्याचे परिणाम तयार आहेत, त्यांच्या पायऱ्याही ‘काहीच माहिती नाही’पासून ‘भरपूर माहिती’पर्यंत किंवा ‘कधीच करत नाही’पासून ‘नेहमी करते’पर्यंत अशा सरळ चढत जातात, वेदनेसारखा घोळ होत नाही. केस बुकासाठी शिक्षकांनी एनओसीच मागितलं असेल तर तेच लिहावं. तो वाद वॉर्डात घालायचा नाही.

तरी तिथेही मी श्रेणीखाली एक साधी ओळ जोडते: ‘सुट्टीपूर्वी रुग्ण न विचारता सांगेल की ताप 101 च्या वर गेला, छातीत दुखलं किंवा दम लागला तर घरी थांबायचं नाही; आणि रोवणीला गेली तर पाण्याची बाटली बांधावर ठेवून दर तासाला प्यायची.’ नुसतं ‘माहिती 2 वरून 4’ असं कार्डावर लिहून दिलं, तर गावातल्या आशाताईंना पुढच्या भेटीत काय विचारायचं ते कळत नाही. ही ओळ वाचली की कळतं.