हेल्मेटखालचं सनस्क्रीन: मिनरल की केमिकल?

म्हापशाहून पणजीला रोज स्कूटरने जाणाऱ्याची त्वचा नाजूक असेल, तर खरी कसोटी उन्हापेक्षा घामाची. गोव्याच्या दमट हवेत हेल्मेटखालून घाम कपाळावरून डोळ्यांत उतरतो. त्यात केमिकल सनस्क्रीन विरघळलेलं असेल तर डोळे झोंबतात, आणि चालत्या गाडीवर ते धोक्याचं. केमिकल सनस्क्रीनमधल्या अव्होबेन्झोन, ऑक्सिबेन्झोन यांसारख्या घटकांनी काहींना पुरळही येते.

झिंक ऑक्साइडचं मिनरल सनस्क्रीन सहसा झोंबत नाही, म्हणून चेहऱ्याला तेच बरं. पण ते पांढरट दिसतं, आणि तेवढ्यासाठी लोक कमी लावतात. मग पाकिटावरचं एसपीएफ फक्त पाकिटावरच राहतं. चेहरा आणि मानेला मिळून दोन बोटांच्या लांबीएवढं हवंच. पांढरटपणा खटकत असेल तर त्वचेच्या रंगाची छटा असलेलं टिंटेड घ्या. लावल्यावर 15 मिनिटं थांबून हेल्मेट घाला, नाहीतर अस्तर आणि हनुवटीचा पट्टा ते पुसून नेतात. पोचल्यावर आरशात पट्ट्याची जागा बघा. दुपारी परत निघण्याआधी पुन्हा लावा.

हातांवर मात्र केमिकल सोयीचं, कारण ते पटकन पसरतं. आधी कोपराच्या आतल्या बाजूला आठवडाभर लावून पाहा. उन्हात निघाल्यावरच खाज येत असेल, तर ते सोडा आणि सरळ लांब बाह्यांचा शर्ट घाला.