बिलिंगची अक्षरं मोठी करायची: विंडोजमधून, की सॉफ्टवेअरवाल्यांना ईमेल करून?

आमच्या किराणा दुकानात गल्ल्यावर बाबा बसतात. बिलात 380 होते, त्यांनी 330 वाचले आणि गिऱ्हाईक गेल्यावर चूक कळली. अक्षरं बारीक होतीच, वर पांढऱ्यावर फिकट राखाडी.

विंडोजचा उपाय फुकट आणि पाच मिनिटांचा. Settings > System > Display मध्ये Scale 125% केलं. पण आमचा मॉनिटर 1366×768 चा. 125 टक्क्यांना त्यावर जेमतेम 1093×614 इतकीच जागा उरते, त्यामुळे ‘एकूण’ची पट्टी टास्कबारखाली गेली. शिवाय सॉफ्टवेअर जुनं असेल तर विंडोज त्याची खिडकी चित्रासारखी ताणतं. अक्षर मोठं होतं, पण धूसर. आणि रंग फिकट तो फिकटच. तुमचा मॉनिटर 1920×1080 चा असेल आणि तक्रार फक्त आकाराची असेल, तर मात्र एवढ्यावर भागेल. ईमेलच्या भानगडीत पडू नका.

रंग बदलायचा तर सॉफ्टवेअरवाल्यांनाच सांगावं लागतं. त्यात वाट पाहणं आलं, कधी पैसेही. मी आधी लिहिलं होतं, “अक्षरं मोठी आणि रंग भडक करा.” त्यांनी पिवळी पट्टी टाकून वर पांढरी अक्षरं दिली. रंग भडक झाला, पण वाचता काहीच येईना, कारण पिवळा आणि पांढरा दोन्ही उजळ. आपल्याला भडकपणा नको असतो, अक्षर आणि पार्श्वभूमी यांत फरक हवा असतो. दुसऱ्यांदा असं लिहिलं:

“नमस्कार. गल्ल्यावरचा मॉनिटर 18.5 इंची, 1366×768, स्केलिंग 100 टक्के. वडील दोन फुटांवरून वाचतात. ‘एकूण’ रक्कम 28 पॉइंट ठळक करावी, दर आणि नग 14 पॉइंट. #999999 रंगाची अक्षरं #000000 करावीत. उधारीची ओळ नुसती लाल न ठेवता तिथे ‘उधार’ असा शब्दही यावा. लाल-हिरवा फरक सगळ्यांना दिसत नाही. थर्मल रोलवरच्या बिलाची छपाई आहे तशीच ठेवावी. सोबत स्क्रीनचा फोटो जोडला आहे, अडचणीच्या जागांना गोल केले आहेत.”

#999999 म्हणजे तोच फिकट राखाडी. तो आणि पांढरा यांतला फरक, म्हणजे कॉन्ट्रास्ट, मोजला तर सुमारे 2.8 भरतो, वेबसाठीच्या सुलभतेच्या मापदंडात साध्या आकाराच्या अक्षरांना किमान 4.5 लागतो. काळ्याचा 21 आहे. असा आकडा दिला की वाद “मला बरं दिसतं”वर अडत नाही.

छपाईचं वाक्य गाळू नका. काही सॉफ्टवेअरमध्ये पडदा आणि बिल एकाच साच्यातून येतात. इकडे अक्षर वाढलं की तिकडे रोलवर ओळी तुटतात.

बदल आल्यावर लगेच होकार कळवू नका. सगळ्यात लांब नावाचा माल आणि 1,25,000.00 अशी रक्कम टाकून खोटं बिल करून पाहा. आमच्याकडे रकान्याची रुंदी तीच राहिली होती, म्हणून शेवटचे आकडे कापले जात होते. बारीक आकडा निदान डोळे ताणून वाचता येतो, कापलेला दिसतच नाही. तेवढं दुरुस्त होईपर्यंत बाबांना जुनाच पडदा ठेवला.